टोमणा नको, कोपरखळी: सोलापुरात म्हणीनं उत्तर द्यायला शिकताना

मी लग्न होऊन सोलापुरात आले ती डोंबिवलीहून. म्हणी मला येत नव्हत्या असं नाही, शाळेत 'म्हण पूर्ण करा'चे सगळे मार्क मिळायचे. पण म्हण पूर्ण करणं वेगळं आणि म्हणीनं उत्तर देणं वेगळं, हे इथं आल्यावर कळलं. मी चादरी-टॉवेलच्या एका घाऊक दुकानात हिशेब बघते. आमचे दिवाणजी घरी कानडी बोलतात, काउंटरवरचे दोघं तेलुगू घरातले, माल उतरवणाऱ्यांपैकी काहींची बोली दख्खनी. दुपारी डबे उघडले की या सगळ्यांची मिळून जी मराठी चालते, तिच्यात घासाघासाला एक म्हण असते. कुणी फुशारकी मारली की म्हण, कुणी काम टाळलं की म्हण. आणि जिच्यावर ती पडते ती व्यक्तीच सगळ्यांत मोठ्यानं हसते.

मी तेच करायला गेले, तर पहिल्या वर्षात दोन माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. एक घरातलं, एक दुकानातलं. म्हणी त्याच होत्या, शब्दही बरोबर होते. मग नेमकं काय चुकत होतं हे दिवाणजींकडे बघत बघत शिकले. सोलापुरात किंवा अशाच बोलक्या गावात नव्यानं आलेल्या माणसाचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे क्रमानं लिहिते.

तयारीला काय लागतं

सहा-सात म्हणी पुरतात. शंभर पाठ असलेला माणूस डब्याला सगळ्यांना नकोसा होतो.

हाक मारायला नातं लागतं: अण्णा, मावशी, दादा, वैनी, काहीही. ज्याला अजून 'सर' किंवा 'मॅडम' म्हणताय, त्याच्यावर म्हण टाकायची नाही. आधी नातं जमू द्या.

आणि शेजारची जागा लागते. हे मी शब्दशः म्हणतेय. कोपरखळी म्हणजे कोपरानं मारलेला धक्का, तो शेजारी बसलेल्यालाच मारता येतो. टोमणा लांबून मारतात, भिंतीकडे बघून, समोरच्याला उत्तर देता येऊ नये अशा बेतानं. 'लेकी बोले, सुने लागे' ही टोमण्याचीच रीत आहे. माझ्या मते दोन्हींत फरक एवढाच: कोपरखळीनंतर समोरच्याची पाळी येते, टोमण्यानंतर येत नाही. बाकी सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

१. आधी माणूस बघा, मग म्हण काढा

माझी पहिली चूक घरातली. लग्नाला तीन महिने झाले होते. धाकटे दीर सकाळी दहापर्यंत अंथरुणात असायचे. एक दिवस ते उठून पोह्यांवर बसले आणि मी हसत हसत म्हटलं, "काय भावजी, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी?" मला वाटलं होतं सगळे हसतील. कुणी हसलं नाही. भावजींनी अर्धे पोहे ताटलीत ठेवले आणि चपला घालून निघून गेले.

सासूबाईंनी मला नंतर ओट्यापाशी सांगितलं, "अगं, त्याला खाटलं सोडवत नाही असं नाही. त्याला बाहेर कुणी बोलवत नाही." ते ज्या ठिकाणी कामाला होते तिथलं काम सुटून पाच महिने झाले होते. मला हे माहीत होतं, पण सकाळी दहापर्यंत झोपणं आणि काम नसणं यांचा एकमेकांशी संबंध आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हा पहिली पायरी ही. आळसाची म्हण फक्त त्याच्यावर टाका, ज्याला काम आहे आणि जो ते टाळतोय. ज्याला कामच नाही त्याच्यावर नाही. गिरण्या बंद पडलेल्या या गावात जवळजवळ प्रत्येक गल्लीत असं एखादं घर असतं, जिथं कुणीतरी मनाविरुद्ध घरी बसलंय. दुपारी पारावर दिसणारा प्रत्येक माणूस आळशी नसतो.

बढाईचंही तसंच. ज्याच्याकडे खरोखर थोडंफार आहे आणि जो ते चौपट करून सांगतो, त्याची चेष्टा चालते. ज्याच्याकडे नाही आणि जो झाकायला बढाई मारतोय, त्याला सोडून द्या. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण अशा वेळी मनातल्या मनात म्हणायची आणि गप्प बसायचं.

२. म्हणी तिखटाच्या क्रमानं लावून ठेवा

आमच्याकडे शेंगाचटणी कुणाला किती तिखट चालते हे विचारून वाढतात. म्हणींचं तसंच करायचं. मला जो क्रम जमला तो सांगते.

सगळ्यांत सौम्य म्हणजे 'अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं'. थोड्याशा यशानं फुगलेल्या माणसासाठी. ही सौम्य का, तर ती त्याचं काहीतरी कबूल करते. हळकुंड अर्धं का होईना, त्याच्याकडे आहे. समोरच्याला हसायला तेवढा आधार पुरतो.

त्यानंतर 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात'. ही तुकोबांच्या अभंगातून आलेली ओळ. जेवून तृप्त कोण झाला, असा पुढचा प्रश्न. मोठमोठे बेत सांगणाऱ्यासाठी ठीक, कारण तिला उत्तर देणं सोपं आहे: बेत पार पाडून दाखवायचा. काम टाळून नुसते हुकूम सोडणाऱ्यासाठी 'उंटावरून शेळ्या हाकणं'. हिच्यात चित्र इतकं गमतीचं आहे की मार माणसाला न बसता उंटालाच बसतो.

मधल्या तिखटाची 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास'. नव्या माणसाला ही नीट कळत नाही, म्हणून जरा थांबते. इथला 'उल्हास' उपरोधाचा आहे. म्हणजे गडी मुळातच कामाचा कंटाळा करणारा, त्यात त्याला आयतं निमित्त मिळालं. फाल्गुन म्हणजे होळीचा महिना. सोलापुरात होळी झाली की ऊन चढायला लागतं आणि पुढं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी दोनला दुकानात पंख्याखाली बसलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. पण ती सणाच्या सुट्टीला, पावसाला, वीज जाण्यालाही चालते. निमित्त कुठलंही चालतं, आळस मात्र आधीपासूनचा हवा.

त्याहून तिखट 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. हळकुंडाची म्हण एका वेळच्या फुगण्याला लागते, ही थेट माणसाची खोली मोजते. तू मुळातच उथळ आहेस, असं म्हटल्यावर समोरचा काय बोलणार? मी ही फक्त स्वतःच्या भावावर वापरते.

'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' आणि 'आयत्या बिळावर नागोबा' या दोन मी बाजूलाच ठेवल्यात. पहिली माणसाच्या पैशाला जाऊन लागते. दुसरीत लुबाडल्याचा आरोप आहे, बीळ दुसऱ्याचं असतं. आरोप हसत केला तरी आरोपच राहतो.

काही म्हणी मात्र डब्यातून कायमच्या काढून टाका. रिकाम्या न्हाव्याची म्हण आळशावर अगदी चपखल बसते असं वाटतं, पण तिच्यात एका समाजाचं नाव आहे. नकटीच्या लग्नाची, लंगड्या गायीची, आंधळ्याच्या दळणाची, या सगळ्या शरीरावर जातात. आळस आणि बढाई या माणूस आज करतो आणि उद्या सोडू शकतो अशा गोष्टी आहेत, जात आणि शरीर तसं नाही. न्हाव्याच्या जागी मी 'काम नाही घरी, सांडून भरी' वापरते. धान्य सांडायचं आणि परत भरत बसायचं, तोच अर्थ.

३. 'तुमचं' काढा, 'आपलं' घाला

ही पायरी मला दिवाणजींमुळं सापडली, आणि माझ्यावरच सापडली.

एका मार्चअखेरीला मी वर्षाचा ताळेबंद दीड दिवसात जुळवला. सकाळपासून प्रत्येकाला सांगत सुटले होते. चहावाल्यालासुद्धा. दुपारी दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला, वही माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एका पार्टीचं जमा दोनदा धरलं होतं. मग डबा उघडत म्हणाले, "अर्ध्या हळकुंडानं आज आपलं अख्खं दुकान पिवळं झालंय की."

सगळे हसले, मीही हसले. घरी जाताना रिक्षात विचार करत होते की मला राग का आला नाही. त्यांनी 'तू पिवळी झालीस' म्हटलं असतं तर नक्की आला असता. त्यांनी पिवळं केलं ते सगळ्या दुकानाला. 'आपलं' या शब्दात मी होते, तेही होते, चहावालाही होता. सकाळी माझं ऐकून "वा वा" म्हणणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी हळद आली.

तेव्हा मराठीत आपल्याला मिळालेली ही सोय वापरा. तीन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा:

"तुमचं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."
"हे म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."
"आपलं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."

पहिलं माणसाला लागतं, दुसरं प्रसंगाला. तिसऱ्यात बोलणारीही पंख्याखाली जाऊन बसते. नवीन असताना सहा महिने तिसरंच वापरा. मोठ्या माणसांसमोर कायमच तिसरं. सासऱ्यांसमोर मी तेही करत नाही, तिथं म्हण फक्त स्वतःवर घेते.

४. अर्धीच बोला

बऱ्याच म्हणींना दोन पाय असतात आणि त्यांचं यमक जुळतं. हरी-खाटल्यावरी, उल्हास-मास, दाणा-म्हणा. ऐकणाऱ्याला पहिला पाय दिला की दुसरा त्याच्या तोंडात आपोआप येतो. म्हणून दुसरा आपण बोलायचाच नाही. "घरात नाही दाणा..." एवढं म्हणून भाकरी मोडायला लागायचं. उरलेलं 'मला बाजीराव म्हणा' दुसरं कुणीतरी म्हणतं, आणि निम्म्या वेळा ज्याच्यावर रोख असतो तोच म्हणतो. स्वतःच्या तोंडून आलं की ती त्याचीही गंमत होते.

म्हण बोलून झाल्यावर खुलासा करू नका. "म्हणजे असं की..." हे शब्द आले की गंमत संपली आणि उपदेश सुरू झाला. 'कळलं का?' तर अजिबात नको. मध्येच थांबून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. बोलायचं आणि हाताला जे काम असेल त्याला लागायचं.

दिवाणजी यापुढंही जातात. काउंटरवरच्या एकानं हप्त्यावर एवढा महागडा फोन घेतला की हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेला. आठवडाभर तो फोन सगळ्यांच्या नाकासमोर फिरवत होता. पगाराच्या दिवशी त्यानं दिवाणजींकडे उचल मागितली. त्यांनी उचल दिली. मग फळीवरची साठ-नव्वद इंचाची चादर काढून गादीवर उलगडली, तिची लांबी बघितली, त्याच्या पायांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "यापेक्षा लांब काढू का?"

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे एकानंही म्हटलं नाही. चादरीच्याच दुकानात उभे होतो, म्हणायची गरजच नव्हती. तो लाजला आणि हसून म्हणाला, "अण्णा, पाय आखडतो." एक बारकावा इथं बघण्यासारखा आहे: उचल आधी दिली, चादर नंतर उलगडली. उलट केलं असतं तर उचल नाकारण्याची ती प्रस्तावना झाली असती.

५. एक प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता हे सगळं एकत्र कसं चालतं ते सांगते. मालकांचे भाचे पुण्यात शिकून आले आणि दुकानात बसायला लागले. आम्ही त्यांना भाचेबुवा म्हणतो. वय चोवीस, स्वभाव चांगला, पण हात खिशातून बाहेर येत नव्हते. लग्नसराईत टेम्पो आला, टॉवेलचे गठ्ठे उतरवायचे होते. माणसं कमी होती म्हणून काउंटरवरचे दोघंही खाली उतरले होते. भाचेबुवा मात्र गादीवर बसून, फोनवरून नजर न काढता, "तो तिकडं, तो नको, तो खाली" असं चालू.

माझ्यापुढं तीन म्हणी होत्या. 'आयत्या बिळावर नागोबा' अगदी जिभेवर आली होती, पण दुकान मामाचं. ती म्हण भाच्याबरोबर मालकांनाही लागली असती, आणि दुसऱ्या दिवशी मीच दुकानाबाहेर. 'असेल माझा हरी' माझ्या घरातून आधीच बाद झालेली. शिवाय ती इथं बसतही नव्हती, कारण ते वाट बघत नव्हते, हुकूम सोडत होते. हुकमाला उंट.

मग कुणासमोर बोलायचं हा प्रश्न. टेम्पोजवळ हमाल उभे होते. ज्यांना तो माणूस कामं सांगतो, त्यांच्यासमोर त्याची चेष्टा केली की तो ती परत करू शकत नाही. हसला तरी मान जाते. गिऱ्हाईक आणि लहान मुलं यांचंही तसंच. म्हणून गठ्ठे आत येईपर्यंत थांबले. हमाल बाहेर गेले, आत आम्ही चौघं उरलो. मी यादी घेऊन त्यांच्या शेजारी गादीवर बसले आणि म्हटलं, "भाचेबुवा, उंटावरून नीट दिसतंय ना सगळं?"

शेळ्यांचं नाव काढलं नाही, कारण शेळ्या म्हणजे आम्हीच होतो, आणि काउंटरवरच्या दोघांना मी शेळ्या का म्हणू? प्रश्न विचारला, कारण प्रश्नाला उत्तर देता येतं. त्यांना दोन सेकंद लागले. मग फोन खिशात टाकून म्हणाले, "उंट बसवा वैनी, उतरतो." आणि उतरले. पुढचे गठ्ठे त्यांनी मोजून लावले. दोन उलटे लावले, पण लावले.

त्या दिवशी मी दुसरी म्हण काढली नाही. काउंटरवरच्या एकानं मात्र जोर येऊन जोडलं, "काय बे उंट, आधी माहीत नव्हतं तुला खाली उतरता येतं ते!" भाचेबुवांचा चेहरा लगेच बदलला. माणूस उतरल्यावर पुन्हा मारलेला टोला, मग तो कितीही मजेचा असो, चुकतोच. एका बैठकीला एका माणसावर एकच.

६. फसलं हे ओळखा आणि दुरुस्त करा

हसण्यावरून काही कळत नाही. लागलेला माणूसही हसतो, कधी कधी जास्तच. हाकेवरून कळतं.

माझी दुसरी चूक दुकानातली. एका सहकाऱ्यानं कर्ज काढून मोटरसायकल घेतली होती आणि जरा तोऱ्यात होता. मी सोनुबाईची म्हण टाकली. तो हसला, पेढाही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "मॅडम, ती फाइल." आदल्या दिवसापर्यंत मी ताई होते. नातं जाऊन पदवी आली की समजायचं की लागलंय. 'अगं'चं 'अहो' होणं, 'तू'चं 'तुम्ही' होणं हीच खूण. दुसरी खूण म्हणजे खुलासा. चेष्टेला माणूस चेष्टेनं उत्तर देतो. लागलं की हिशेब देतो. "तसं नाही, मी साठवलेले पैसेपण घातलेत त्यात," असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता. मी ऐकलं होतं, पण ती खूण आहे हे कळलं नव्हतं.

दुरुस्ती कशी करायची? "गंमत केली हो" म्हणू नका. त्याचा अर्थ 'तुलाच गंमत कळत नाही' असा होतो. साधी माफी चालते, पण दुकानात चार लोकांसमोर ती जरा जड होते आणि तोच माणूस आणखी अवघडतो. मला जी रीत उपयोगी पडली ती अशी: तितक्याच लोकांसमोर एक म्हण स्वतःवर घ्यायची. मी डब्याला म्हटलं, "काल मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. गाडी छान आहे, रंग मला आवडला." एवढंच. त्यानं काही उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी परत ताई झाले.

भावजींच्या बाबतीत हे जमलं नाही. तिथं म्हणीचा उपयोगच नव्हता. त्यांना वेगळं बोलावून साध्या शब्दांत चुकलं म्हणाले. त्यांना काम लागल्यावर महिन्याभरानं त्यांनीच पहाटे सहाला दार वाजवून विचारलं, "वैनी, खाटल्यावर कोण आहे?"

फोनवर लिहून म्हण पाठवू नका. तिथं ना आवाज, ना शेजार. हसरे चेहरे जोडून काही होत नाही.

७. आपल्यावर आली तर

आपण म्हणी टाकायला लागलो की त्या परत येणारच. येऊ द्यायच्या. उत्तरासाठी दुसरी म्हण शोधत बसलात तर उशीर होतो, आणि उशिरा आलेलं उत्तर भांडणासारखं वाटतं. सोपी युक्ती अशी की जी म्हण आली तिच्याच चित्रात शिरायचं. उंट म्हटलं तर 'बसवा, उतरतो'. अंथरूण दाखवलं तर 'पाय आखडतो'. चित्र त्यांनी दिलेलंच आहे, आपण फक्त आत जाऊन बसायचं.

काही म्हणींना लोक विसरलेला शेपटीचा भाग असतो, तो माहीत असला तर आणखी बरं. 'नाचता येईना, अंगण वाकडं' सगळ्यांना येते. तिच्या पुढं 'रांधता येईना, ओली लाकडं' आहे, हे फार थोड्यांना आठवतं.

गेल्या ऑक्टोबरात जीएसटीचं जुळवताना मी अडकले. एका पार्टीची बिलं सापडेनात, संगणक हळू, वरून दोनदा वीज गेली. मी मोठमोठ्यानं सगळ्यांना ऐकवत होते की या असल्या मशीनवर कुणाचंच काम होणार नाही. भाचेबुवा समोर टॉवेलची यादी करत होते. मान वर न करता म्हणाले, "वैनी, अंगण लई वाकडं हाय का?"

दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अंगणाचं काय घेऊन बसलात," मी म्हटलं, "लाकडंपण ओली हायत."

भाचेबुवा उठले आणि माझ्या शेजारी बसून बिलं लावायला लागले.